फोटोतलं नाक आणि सोप्यातल्या साडेतीन फरश्या

*काका, मी २७ वर्षांची. गाव खानापूर तालुक्यात, नोकरीला बेळगावात. घरी स्थळं बघायलेत. बायोडेटावर स्टुडिओत काढलेला फोटो लावला होता. मागच्या महिन्यात निपाणीकडची पाहुणेमंडळी आली, उप्पीट-चहा झाला आणि निघताना मुलाच्या काकूंनी आईला सरळ विचारलं, “फोटोतली मुलगी हीच की दुसरी?” दोन दिवसांनी नकार आला. तेव्हापासून मी रोज रात्री मोबाइलवर सेल्फी काढून बघते. प्रत्येकात नाक मोठंच दिसतंय. चुलतबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत तर मी मलाच ओळखू आले नाही. ओळखपत्रावरची बाई तिसरीच. यातली खरी मी कोणती? फसवलं असं कुणी म्हणू नये म्हणून आता सगळ्यांत वाईट सेल्फीच बायोडेटावर लावावा का? की नाकाचं ऑपरेशन करून घ्यावं?*
*— एक वाचक, खानापूर तालुका*

आईच्या शिलाईच्या डब्यातली टेप काढ आणि धाकट्या भावाला नाहीतर मैत्रिणीला बोलाव. ऑपरेशनचं नंतर बोलू, आधी मोजू.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत, बाजूने बघितल्यावर, किती अंतर भरतं ते माप. मोठ्या माणसाचं हे साधारण १२ सेंटिमीटर भरतं, थोडं इकडेतिकडे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर तू सरळ बघत असतेस तेव्हा तुझं नाक कानांच्या १२ सेंटिमीटर पुढे असतं. आता रात्री अंथरुणात पडून, कोपर वाकवून तू सेल्फी घेतेस तेव्हा मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर असतो. नाक ३० वर, कान ४२ वर. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान, आणि तीही अगदी अंतराच्या हिशोबाने. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. त्या फोटोत तुझं नाक कानांच्या आणि गालांच्या मागच्या कडेच्या मानाने ४० टक्के मोठं उमटतं. हात पूर्ण लांब केलास तर मोबाइल ५० सेंटिमीटरवर जातो, तेव्हा हाच आकडा २४ टक्क्यांवर येतो. भावाला मोबाइल देऊन दीड मीटरवर उभा कर, मग नाक १५० वर आणि कान १६२ वर, फरक फक्त ८ टक्के. अडीच मीटरवर तो ५ टक्क्यांच्या खाली जातो.

नाक तेच, मोबाइल तोच, तूही तीच. सेल्फी आणि दीड मीटरवरचा फोटो यांत नाकाच्या रुंदीचा फरक जवळजवळ तीस टक्क्यांचा पडला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही शल्यविशारदांनी, नाक सुधारून द्या म्हणून सेल्फी दाखवत येणारी माणसं बघून, हाच हिशोब चेहऱ्याच्या सरासरी मापांवर मांडला. ३० सेंटिमीटरवरच्या सेल्फीत नाकाचा पाया दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो असंच त्यांचंही उत्तर आलं. तू रोज रात्री जे नाक बघतेस ते बाहेरच्या जगात कुणाच्याच डोळ्यांसमोर नाही. एवढ्या जवळून तुझ्याकडे बघणारं माणूस एकतर तान्हं बाळ असेल, नाहीतर डोळ्यांचा डॉक्टर.

इथे एक गैरसमज आहे, तो फोटोग्राफरांनासुद्धा असतो. लोक म्हणतात, मोबाइलची लेन्स नाक मोठं करते, पोर्ट्रेटची लेन्स चेहरा सुंदर करते. चेहऱ्याच्या अवयवांचं एकमेकांशी प्रमाण लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. मोबाइलची लेन्स रुंद बघते, म्हणून चेहरा चौकटीत भरायला तुला ती नाकाजवळ न्यावी लागते, आणि बिघाड त्या जवळ जाण्यात आहे. पटत नसेल तर करून बघ. भावाला दोन मीटरवर उभं करून एक फोटो साध्या 1x वर काढायला सांग, दुसरा तिथूनच 2x वर. मग पहिला फोटो कापून दुसऱ्याएवढा चेहरा भरेल असा कर. दोन्ही चेहरे सारखेच निघतील. पहिला थोडा भुरका दिसेल, एवढंच.

माझा शहापूरला स्टुडिओ होता तेव्हा जमिनीवर लाल रंगाची पट्टी मारून ठेवली होती, खुर्चीपासून बरोबर सात फुटांवर. तिपाई त्या पट्टीच्या पुढे न्यायची नाही हा नियम माझ्या वडिलांनी घालून दिला होता. का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ‘जवळ गेलास की माणूस बेडकासारखं दिसतंय’ एवढंच म्हणायचे. सात फूट म्हणजे दोन मीटर आणि वर थोडं. सोप्यात चहा घेताना समोरचा पाहुणाही साधारण तेवढ्यावरच बसलेला असतो. म्हणून तुझ्या नाकाचा, हनुवटीचा, कपाळाचा आकार बघायचा झाला तर तुझ्याजवळच्या सगळ्या फोटोंत बहुधा स्टुडिओतलाच त्या काकूंच्या नजरेला सगळ्यांत जवळचा आहे. सेल्फी वाईट आहे म्हणून तो जास्त प्रामाणिक असेल, असं तू धरून चाललीस, पण आकाराच्या बाबतीत तोच सगळ्यांत खोटा.

मग काकूंना दुसरी मुलगी का वाटली? इथे मला स्टुडिओवाल्यांची बाजू सोडावी लागेल.

स्टुडिओत आम्ही चेहऱ्यावर दोन मोठे मऊ दिवे टाकतो, एक जरा जोरात आणि दुसरा सावल्या भरायला. दिवा जेवढा मोठा आणि चेहऱ्याच्या जेवढा जवळ, तेवढी सावलीची कड विरते. मुरमाचा खड्डा, डोळ्याखालची पिशवी, नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी रेघ, हे सगळं आपल्याला दिसतं ते सावलीमुळे. सावली विरली की तेही जातं. त्यावर टचिंग. फिल्मच्या काळात हे काम निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने करायचे आणि एका चेहऱ्याला अर्धा तास लागायचा, म्हणून जपून व्हायचं. आता संगणकावर एक पट्टी सरकवली की अख्खी कातडी सपाट होते, रंग दोन घरं उजळतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मीही केलंय. एकदा एका मुलीचे वडील फोटो घेऊन परत आले आणि म्हणाले, “फोटो झकास आहे हो, पण मुलगी कुणाची आहे?” मी तो फुकट पुन्हा काढून दिला, आणि तेव्हापासून तीळ आणि गालावरचे डाग यांना हात लावायचा बंद केला. डाग तात्पुरता असेल, उद्या जाणारं मुरूम असेल, तर काढावं. जे सहा महिन्यांनीही तिथेच असणार ते ठेवावं.

आता त्या दिवशीचा तुमचा सोपा डोळ्यांसमोर आण. मी तो बघितलेला नाही, पण आपल्याकडचे सोपे मला ठाऊक आहेत. पावसाळी संध्याकाळ, दार अर्धं लोटलेलं, वर एकच ट्यूबलाइट आणि भिंतीला पोपटी नाहीतर फिक्कट निळा रंग. वरून एकाच दिव्याचा उजेड आला की भुवईची सावली डोळ्यांत पडते आणि नाकाची सावली वरच्या ओठावर. डोळे खोल जातात, माणूस थकलेलं दिसतं. भिंतीचा रंग उजेडाबरोबर उडून गालावर येतो आणि पोपटी भिंतीजवळ बसलेली गोरी-सावळी कुणीही जरा आजारी वाटते. काकूंच्या हातात मऊ दिव्यांतला, सपाट केलेला, किंचित एका बाजूला वळवलेला चेहरा होता आणि समोर ट्यूबखाली, घाबरून ओठ मिटून, ट्रे सांभाळत बसलेली तू. चेहऱ्याचा आकार जुळत होता, बाकी फारसं काही जुळत नव्हतं.

ग्रुप फोटोचं प्रकरण वेगळं आहे. त्यात दोन गोष्टी एकदम झाल्या असणार.

चुलतबहिणीचं लग्न मेमध्ये असेल तर ऊन आठव. बेळगाव साधारण १५.९ अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य इथे जवळजवळ अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ऑगस्टमध्येही तो असाच एकदा डोक्यावरून जातो, पण तेव्हा ढग असतात. अक्षता पडून जेवणाआधी सगळ्यांना मांडवाबाहेर उभं करून जो फोटो काढतात, तो नेमका त्या वेळेला निघतो. डोळ्यांच्या जागी दोन काळे डबे, नाकाखाली मिशीसारखी सावली, कपाळ आणि गालाचा उंचवटा पांढराफटक. त्यात पांढऱ्या टोप्या आणि फेटे भोवती. कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड मध्यम राखडी पातळीला आणायला बघतो, भोवती पांढरं फार असलं की सगळंच खाली ओढतो आणि चेहरे आणखी काळवंडतात. मांडवाच्या आत उभं राहिलं तरी सुटका नाही. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं करतो.

दुसरी गोष्ट, तू त्या रांगेत कुठे उभी होतीस? कडेला असशील तर तू रुंद झालीस ती खाऊन नाही. घरातली बॅटरी घे आणि अंधारात भिंतीवर सरळ मार, गोल पडेल. तीच तिरकी मार, गोल लांबट होईल. रुंद लेन्स कडेच्या माणसाला सपाट चित्रावर असंच तिरकं पाडते. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात अगदी कडेचा चेहरा मधल्याच्या मानाने सुमारे पाचव्या हिश्शाने रुंद होतो. सगळी भावकी बसावी म्हणून कुणी 0.5x लावलं असेल तर विचारूच नको. नवे मोबाइल हे थोडंफार दुरुस्त करतात, पूर्ण नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कडेच्या माणसांची डोकी बाहेरच्या कोपऱ्याकडे ओढल्यासारखी दिसतात आणि खांद्यांपैकी बाहेरचा मोठा असतो. लग्नात ग्रुप फोटोला मध्ये उभं राहायची धडपड करणाऱ्या मामी मला आधी आगाऊ वाटायच्या.

ओळखपत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टेबलावरचा कॅमेरा डोळ्यांच्या पातळीखाली असतो, म्हणून नाकपुड्या आणि जबडा पुढे येतात. हसू नका म्हणून सांगतात, आणि न हसणारा, ताणलेला चेहरा तुझ्या ओळखीतल्या कुणी सहसा बघितलेला नसतो. हसलं की गाल वर सरकतात, डोळे बारीक होतात, नाकपुड्या बाजूला पसरतात, तोंड रुंद होतं. एकाच माणसाचा हसरा आणि कोरा चेहरा यांच्या मापांत कधी कधी दोन वेगळ्या माणसांइतका फरक पडतो. कॅमेरा वर धरला की उलटं होतं, कपाळ वाढतं, हनुवटी आवळते. हल्लीच्या सेल्फीत सगळ्याच मुली एकमेकींच्या बहिणी वाटतात त्याचं एक कारण हे.

आता आरसा. तुला स्वतःचा चेहरा माहीत आहे तो आरशातला, म्हणजे डावं-उजवं उलटलेला. चमकी तुझ्या डाव्या नाकपुडीत असेल तर फोटोत ती बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येते, आणि तू तर तिला जन्मभर आरशात डाव्या हाताला बघत आलीस. भांगही तसाच, आणि एक भुवई वर असेल तर तीही. कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, त्यामुळे उलटलेला चेहरा खुपतो, पण काय खुपतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला होता. मुलींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. मुलींना स्वतःची उलटी प्रत जास्त आवडली, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. दोघींनीही आपल्या सवयीचा चेहरा निवडला होता. सेल्फी काढताना पडद्यावर तू आरशासारखी दिसतेस आणि पुष्कळ मोबाइलमध्ये फोटो साठवताना तो सरळ होतो. ‘काढताना बरी होते, निघाल्यावर बिघडले’ असं वाटतं त्यातला एक वाटा याचा आहे.

एवढं सगळं असूनही तुझी आई तुला प्रत्येक फोटोत क्षणात ओळखते. तिच्यापुढे ओळखपत्र ठेव, ग्रुप फोटो ठेव, पाचवीतला शाळेचा फोटो ठेव. तुझ्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं.

२०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांच्या हातात ४० फोटोंचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, एका माणसाचे फोटो एका ढिगात घाला. माणसं किती आहेत ते सांगितलं नाही. फोटो होते हॉलंडमधल्या दोनच प्रसिद्ध स्त्रियांचे, प्रत्येकीचे २०, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात काढलेले. ब्रिटनमधल्या लोकांनी त्या बायका कधी बघितल्या नव्हत्या. त्यांनी साधारणपणे सात-आठ ढीग केले, एखाद्याने तर सोळा. म्हणजे एकाच बाईच्या तीन-चार बायका झाल्या. तोच गठ्ठा हॉलंडमधल्या लोकांना दिला, ज्यांना त्या रोज टीव्हीवर दिसायच्या. त्यांनी दोन ढीग केले. गंमत अशी की अनोळखी लोकांनी दोन वेगळ्या बायका एका ढिगात फारशा घातल्या नाहीत. त्यांना एकीचे फोटो एकीचेच आहेत, हे मात्र जुळवता आलं नाही.

निपाणीच्या काकू त्या ब्रिटिश माणसांच्या जागी होत्या. हातात एक फोटो, समोर एक मुलगी, दोन्ही पहिल्यांदाच. त्यांचा प्रश्न टोचणारा होता, दारात विचारायचा तर मुळीच नव्हता, पण तो खोटेपणाचा आरोपच होता असं मला वाटत नाही. आणि नकार फोटोमुळेच आला हेही तू धरून चाललीस. पत्रिका, मुलाची मर्जी, घरातलं राजकारण, कशामुळेही आला असेल. ते कळायचा मार्ग तुझ्याकडे नाही, म्हणून त्यावर नाकाचा निर्णय उभा करू नकोस.

‘यातली खरी मी कोणती’ या प्रश्नात एकच फोटो खरा असतो असं गृहीत आहे. आईच्या डोक्यात तुझा एक फोटो नाही, हजारो आहेत, त्यामुळे तिला सगळे खपतात. अनोळखी माणसाला फसवायचं नसेल तर त्यालाही एकापेक्षा जास्त दे. वाईट सेल्फी लावलास तर तू फक्त दुसऱ्या दिशेला चुकशील आणि एखाद्या घरातून बघायलासुद्धा कुणी येणार नाही.

बायोडेटावर एक चेहऱ्याचा, आणि तो मागतील तेव्हा बरोबर पाठवायला आणखी दोन: एक पूर्ण उंचीचा, एक घरच्यांबरोबर सहज बोलतानाचा. सगळे गेल्या सहा महिन्यांतले. शक्य असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात तू मान वळवून कुणाशी तरी बोलते आहेस. हललेला चेहरा एका क्षणात गोठलेल्या चेहऱ्यापेक्षा खूप जास्त सांगतो. घरच्यांना व्हिडिओ पाठवणं पसंत नसेल तर तो आग्रह धरू नकोस, तीन फोटो पुरतात.

ते काढायचे कसे, तर सकाळी नऊ-दहाला, नाहीतर ढगाळ दिवशी कधीही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही अशी निवड आणि तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहा, खिडकी समोर-डावीकडे येईल अशी. दुसऱ्या बाजूला दोरीवर पांढरी चादर टाक, म्हणजे त्या गालावरची सावली थोडी भरेल. ट्यूब बंद. खिडकीचा उजेड निळसर आणि ट्यूबचा वेगळा, दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याचे दोन गाल दोन रंगांचे होतात. मागची भिंत पांढरी, राखडी, मातकट काहीही चालेल. पोपटी असेल तर तिच्यापासून चार फूट पुढे सरक. मोबाइलमधलं ब्यूटी नावाचं जे काही असेल ते शून्यावर आण. काही मोबाइलमध्ये ते आपोआप चालू असतं, म्हणून आधी गालावरच्या तिळाचा एक फोटो काढून मोठा करून बघ. तीळ पुसट झाला असेल तर ते अजून चालूच आहे.

काढणारा दोन मीटरवर, मागचा कॅमेरा, 2x, भिंग तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. भाऊ उंच असेल तर त्याला गुडघे वाकवायला सांग. पडद्यावर तुझ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की कॅमेरा उजेड चेहऱ्याप्रमाणे मोजतो, भिंतीप्रमाणे नाही. पूर्ण उंचीच्या फोटोला तो तीन मीटरवर जाऊ दे आणि मोबाइल छातीच्या खाली आणू दे. डोळ्यांच्या उंचीवरून काढला तर पाय आखूड दिसतात. आणि मग नुसतं ‘स्माइल’ म्हणू नका. त्याने तुला काहीतरी विचारावं, तू उत्तर द्यावंस, आणि त्यात तीस-चाळीस फोटो निघावेत. काही समोरून, काही जरा वळून. सात फुटांच्याही फार मागे जायचं कारण नाही. दहा मीटरवरून जोरात झूम केलं तर उलटा बिघाड होतो, चेहरा सपाट आणि रुंद होतो, कान बाहेर येतात.

निवड तू करू नकोस, आईही नको. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, २०१६ मधल्या, लोकांना स्वतःचे दहा फोटो ‘माझ्यासारखा कोणता दिसतो’ या क्रमाने लावायला सांगितले. मग ज्यांनी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं अशांना त्यांचा मिनिटभराचा व्हिडिओ दाखवून तेच काम दिलं. परक्यांनी निवडलेल्या फोटोंवरून माणूस ओळखणं जास्त सोपं गेलं. स्वतःच्या डोक्यात आपली जी जुनी, उलटी, लाडकी किंवा नावडती प्रतिमा असते ती निवडीत आड येते. तुझ्या ऑफिसात महिन्याभरापूर्वी लागलेली एखादी मुलगी असेल, गल्लीत नव्याने राहायला आलेल्या वहिनी असतील, त्यांच्यापुढे दहा फोटो ठेव. ‘मी यात चांगली कोणत्यात दिसते’ असं विचारू नकोस, ‘माझ्यासारखी कोणत्यात दिसते’ असं विचार. त्यांनी बोट ठेवलेला फोटो तुला कदाचित आवडणार नाही. तरी तोच लाव.

राहिलं ऑपरेशन. श्वास घ्यायला त्रास होत असेल, एका नाकपुडीतून हवाच जात नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, त्याचा फोटोशी संबंध नाही. दिसण्यासाठी म्हणून करायचंच असं पुढे कधी वाटलं, तर तो तुझा हक्क आहे, मी नाही म्हणणारा कोण. फक्त मोबाइलमधली सेल्फी घेऊन डॉक्टरांकडे जाऊ नकोस. चांगला शल्यविशारद स्वतः ठरावीक अंतरावरून समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके आणि खालून फोटो काढून घेतो आणि त्यावर बोलतो. तो ते न काढता सेल्फी बघून मान डोलावत असेल तर चहा पिऊन घरी ये. आणि रात्रीचे सेल्फी निदान पंधरा दिवस बंद. त्यानंतरही आरशासमोर, कामावर, जेवताना नाकाचाच विचार डोक्यातून जात नसेल, तर ते नाकाच्या डॉक्टरचं काम राहत नाही, मनाच्या डॉक्टरशी एकदा बोल. तसं होणारी तू पहिली नाहीस.

टेप सापडली नाही तरी अडत नाही. तुमच्या सोप्यात दोन फुटी फरशी असेल तर तू एका फरशीच्या रेघेवर उभी राहा आणि भावाला साडेतीन फरश्या मोजून मागे जाऊ दे.